संध्याकाळचा चहा रात्री किती उरतो?

बीडच्या बसस्थानकाजवळ दोन मित्रांनी संध्याकाळी ६ वाजता चहा घेतला. समजा, प्रत्येकाच्या पोटात ४० मिलिग्रॅम कॅफिन गेलं. निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मं कॅफिन कमी व्हायला साधारण ५ तास लागतात. हाच त्याचा अर्धायुकाल. म्हणजे रात्री ११ ला २० आणि पहाटे ४ ला १० मिलिग्रॅम उरतं.

पण एक जण गाढ झोपतो, दुसरा कूस बदलत राहतो. कारण कॅफिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम प्रत्येकात सारख्या वेगाने काम करत नाही. सिगारेट-विडीच्या धुराने त्याचा वेग वाढतो. व्यसन सोडलं की तोच चहा जास्त जाणवतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी अर्धायुकाल जवळपास दुप्पट होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिकही तो वाढवतं.

नवजात बाळात हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. तिथे अर्धायुकाल काही दिवसांचा असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही तो बराच लांबतो.

नवीन औषध सुरू झाल्यावर छातीत धडधड किंवा झोपमोड जाणवली, तर चहा कमी करा आणि डॉक्टरांना विचारा. औषध स्वतःहून बंद करू नका.