‘हे पेन मला विका’ म्हटल्यावर काय कराल? उत्तराआधी विचारा हे प्रश्न

सेल्सच्या मुलाखतीत टेबलावरचं पेन पुढे सरकवून ‘हे मला विका’ असं सांगितलं जातं. २०१३ च्या ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ या चित्रपटामुळे हा प्रकार जगभर पोहोचला. बरेच उमेदवार लगेच सुरू होतात, ‘ग्रिप छान आहे, किंमतही कमी आहे.’ चूक इथेच होते. समोरच्याला पेन कशासाठी लागतं, हे त्यांनी विचारलेलंच नसतं.

चित्रपटातला विक्रेता पेन हातात घेऊन ‘आता नाव लिहून दे’ म्हणतो. पण मुलाखत घेणाऱ्याच्या खिशात दुसरं पेन असलं की ही युक्ती संपते. ज्याच्या आयुष्यावर चित्रपट बेतला आहे, तो जॉर्डन बेलफोर्टही आधी प्रश्न विचारायला हवेत, असंच सांगतो.

प्रश्नांचा क्रम कसा असावा?

आधी सध्याचा वापर, मग अडचण, मग त्या अडचणीमुळे होणारं नुकसान. समजा, समोर एचआर मॅनेजर आहेत.

‘सर, दिवसभरात पेन जास्त कशासाठी लागतं?’
‘ऑफर लेटरवर सह्या करायला.’
‘सध्या कोणतं वापरता? त्यात काही त्रास होतो?’
‘जेल पेन. घाईत हात लागला की सही पसरते.’
‘मग काय करता?’
‘पत्र पुन्हा प्रिंट करून पुन्हा सही.’

आता विकायला कारण मिळालं. ‘सर, हे बॉलपेन आहे. याची शाई तेलाची असते आणि जेलपेक्षा लवकर सुकते. या कागदावर सही करून लगेच बोट फिरवून बघा.’ सही पसरली नाही, की थेट विचारायचं, ‘एक ठेवू, की सह्या करणाऱ्या सगळ्यांसाठी एक पाकीट?’ ग्रिपचा विषय निघालाच नाही, कारण ग्राहकाची अडचण ती नव्हती.

गाडी कुठे अडते?

‘तुम्हाला चांगलं पेन आवडतं का?’ या प्रश्नाला फक्त ‘हो’ मिळतं, माहिती मिळत नाही. दहा प्रश्न विचारले तर ती चौकशी वाटते, तीन-चार पुरेत. पेनात नसलेला गुणही सांगू नये, पेन समोरच असतं.

‘मी पेन वापरतच नाही, सगळं मोबाईलवर,’ असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नये. ‘ऑफिससाठी स्टेशनरी कोण घेतं?’ असं विचारावं. ग्राहक नसलेल्याला ओळखणं हेही विक्रेत्याचं काम आहे.

तयारी करताना आपलं उत्तर एकदा तपासा. विक्रीचं वाक्य दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाला जसंच्या तसं चालत असेल, तर प्रश्न विचारले गेले, पण उत्तरं ऐकली गेली नाहीत.