पोलीस नसलेला कायदा

पुण्यातल्या एका लॉ कॉलेजचं कॅन्टीन. शेजारच्या टेबलावर दोन विद्यार्थ्यांचा वाद रंगला होता.

“पकडायला पोलीसच नाही, तर त्याला कायदा कशाला म्हणायचं?” तो म्हणाला.

“मग कुलभूषण जाधवांना फाशी का झाली नाही?” ती म्हणाली. “एप्रिल 2017 मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं शिक्षा सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि पाकिस्ताननं ती पाळली. हेगहून कुणी शिपाई गेला होता का?”

“पण पाकिस्तान तिथं हजर झालाच कशाला?”

“परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू द्यायचा, असा व्हिएन्ना करार आहे. त्यावरून वाद झाला तर हेगला जायचं, हे दोघांनी आधीच मान्य केलं होतं. जुलै 2019 मध्ये न्यायालयानं 15 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं, पाकिस्ताननं हा हक्क नाकारला; शिक्षेचा फेरविचार करा.”

“सोडून द्या, असं नाही सांगितलं ना? आणि निकाराग्वा? 1986 मध्ये अमेरिका खटला हरली आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून मोकळी झाली.”

ती जरा थांबली. मलाही हा मुद्दा बिनतोड वाटला.

“खरंय,” ती म्हणाली. “पण अमेरिकासुद्धा ‘कायदाच नाही’ असं म्हणाली नाही. ‘या न्यायालयाला अधिकार नाही’ म्हणाली. हा वकिली बचाव झाला, आणि तो कायद्यापुढेच करतात.”

फेरविचारासाठी पाकिस्ताननं 2021 मध्ये वेगळा कायदा केला. जाधव मात्र सुटलेले नाहीत.