बँकेतली ठेव आणि तीन दाखले

समजा, एका गृहस्थांची राष्ट्रीयीकृत बँकेत नऊ लाखांची मुदत ठेव आहे. नामनिर्देशन नाही, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी आणि दोन मुलं. नात्यातले लोक लगेच कोर्टाची वाट दाखवतात, पण इथे तिची गरज नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार वाद नसेल तर व्यापारी बँकेत पंधरा लाखांपर्यंत (सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत) मृत्यूचा दाखला, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत यांवर पैसे मिळतात. वारस कोण, हे सांगायला वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं घोषणापत्र चालतं.

रक्कम मोठी असेल किंवा भाऊबंद भांडत असतील, तर दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. अर्जात प्रत्येक खातं नोंदवाच. सुटलेल्या खात्याला ते लागू होत नाही, मग पुन्हा न्यायालयात विस्तारासाठी अर्ज करावा लागतो.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्यावर न्यायालयाची मोहोर. मृत्युपत्रच नसेल तर त्याचा प्रश्न येत नाही.

नामनिर्देशन असेल तर यातलं सहसा काहीच लागत नाही. मात्र नामनिर्देशित व्यक्ती पैसे वारसांच्या वतीने स्वीकारते, मालक होत नाही. आपल्या ठेवींवर नाव नोंदलंय का, ते आजच पाहा.