लोण्याच्या अलीकडे

थंडीच्या दिवसांत सायीचं विरजण घुसळताना आमच्या घरी एक अडचण हमखास यायची. रवी फिरत राहायची, पातेल्यातलं सगळं फुगून काठापर्यंत यायचं, दाट पांढराशुभ्र फेस व्हायचा, पण लोणी काही निघायचं नाही. मग आई त्यात पेलाभर कोमट पाणी घालायची. थोड्याच वेळात रवीचा आवाज बदलायचा, फेस खाली बसायचा आणि लोण्याचे कण वर तरंगू लागायचे. उन्हाळ्यात याच्या उलट. लोणी इतकं मऊ यायचं की त्याचा गोळा होईना, म्हणून तेव्हा बर्फाचे खडे पडायचे.

पुढे केकसाठी क्रीम फेटायला शिकले तेव्हा लक्षात आलं, की आईला नको असलेला तो थंडीतला फेसच मला हवा होता. फेटणं आणि घुसळणं ही दोन वेगळी कामं नाहीत. वाट एकच आहे. लोणी काढणारीला शेवटपर्यंत जायचं असतं आणि क्रीम फेटणारीला अलीकडे थांबायचं असतं. कुठे थांबायचं हे ओळखता आलं आणि थंडावा सांभाळता आला, की क्रीम बिघडत नाही. पुढे गेलंच, तर किती मागे येता येईल हेही कळतं.

क्रीममधला स्निग्धांश अतिशय बारीक थेंबांच्या रूपात असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ पापुद्रा असतो. या पापुद्र्यामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. आपण फेटायला लागलो की दोन गोष्टी एकदम होतात. हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि थेंबांचे पापुद्रे ठिकठिकाणी फाटतात. उघडे पडलेले थेंब बुडबुड्यांभोवती गोळा होतात आणि एकमेकांना चिकटून त्यांची साखळी तयार होते. ही साखळी बुडबुड्यांना धरून ठेवते आणि मधल्या फटींत पाणीही अडकवून ठेवते. म्हणूनच पातळ क्रीम उभं राहतं आणि जवळजवळ दुप्पट दिसतं.

यात गारव्याचं काम काय? थंडीत थेंबातलं तूप अर्धवट गोठलेलं असतं. असे थेंब एकमेकांना चिकटतात, पण विरघळून एक होत नाहीत. ते मण्यांसारखे वेगळे राहतात, म्हणून साखळी टिकते. तेच थेंब मऊ झाले की दोनाचा एक, चाराचा एक असे गोळे होत जातात. बुडबुड्यांना आधार उरत नाही, हवा निघून जाते, पाणी वेगळं होतं. ते गोळे म्हणजे लोणी आणि ते पाणी म्हणजे ताक. आईचं कोमट पाणी नेमकं हेच करत होतं.

आता पाकिटाकडे वळू, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. वाण्याकडे ‘फ्रेश क्रीम’ म्हणून जे पाकीट मिळतं, त्यावर बहुतेक वेळा २५ टक्के फॅट लिहिलेलं असतं. भाजीच्या रश्श्याला किंवा फ्रूट सॅलडला ते छान आहे, पण अर्धा तास फेटलं तरी त्याचं टोक उभं राहणार नाही. साखळीला पुरतील एवढे थेंबच त्यात नसतात. निदान ३० टक्के फॅट लागतं, आणि ३५ टक्के असेल तर काम सोपं होतं. म्हणून पाकिटावरचं नाव नाही, तर हा आकडा वाचा. बेकरीत केकवर जे पांढरंशुभ्र, दिवसभर न हलणारं क्रीम दिसतं ते बऱ्याचदा वनस्पती स्निग्धाचं असतं, त्यात साखर आधीच असते आणि त्याचे नियम वेगळे. घरची साय वापरू का, असंही पुष्कळजणी विचारतात. साय धरताना दूध तापलेलं असतं, त्यातले थेंब आधीच एकमेकांना चिकटून तिचे पदर झालेले असतात. ती फेटली की सारखी फुलत नाही, गुठळ्या होतात आणि बघता बघता लोण्याकडे जाते. सायीचं लोणीच काढावं, ते उत्तम येतं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं एका ओघात येईल. हापूसच्या फोडींवर घालायला क्रीम हवं होतं आणि फेटायला माझी भाची होती. ३५ टक्के फॅटचं २०० मिली क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवलेलं होतं. दाराच्या कप्प्यात ठेवू नये, तो सतत उघडमीट होऊन कोमट राहतो. आणि घाई झाली म्हणून फ्रीझरमध्येही ठेवू नये. क्रीम गोठलं की बर्फाच्या कणांनी थेंब फुटतात आणि नंतर ते रवाळच होतं. आम्हाला क्रीम ४-५ अंशांवर हवं होतं. १० अंशांच्या वर गेलं की भरवसा उरत नाही, आणि मे महिन्याच्या स्वयंपाकघरात १० अंश गाठायला वेळ लागत नाही. म्हणून स्टीलचं खोलगट पातेलं आणि बीटरची पाती २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली, आणि ते पातेलं बर्फ-पाण्याच्या परातीत ठेवलं.

फेटायच्या आधी मी पाकिटातलं तीन मोठे चमचे क्रीम वाटीत काढून परत फ्रिजमध्ये ठेवलं. ते कशाला, ते पुढे येईल.

बीटर आधी मंद आणि मग मध्यम वेगावर. सुरुवातीला साबणाच्या फेसासारखे मोठे बुडबुडे दिसतात. ते हळूहळू बारीक होतात, क्रीम दाटतं आणि पाती फिरतात तिथे रेघा उमटून क्षणभर टिकायला लागतात. साखर घालायची वेळ ही. अगदी आधी घातली तर फुलायला उशीर लागतो आणि क्रीम थोडं कमी फुलतं. शेवटी घातली तर ती मिसळण्यासाठी जास्तीचं फेटावं लागतं आणि तेच नडतं. आम्ही दोन मोठे चमचे पिठीसाखर चाळून घातली. चाळणं महत्त्वाचं आहे, कारण पिठीसाखरेतली गुठळी फोडायला पुन्हा बीटर फिरवावा लागतो. साधी दाणेदार साखर गार क्रीममध्ये लवकर विरघळत नाही, दाताखाली कचकचते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडा कॉर्नफ्लोअर असतो, त्यामुळे क्रीम जरा जास्त वेळ टिकतं. चव मात्र चमच्यावर घेऊन बघावीच. गार पदार्थ कमी गोड लागतो, त्यामुळे आत्ता पुरेसं वाटलं तर खाताना किंचित कमी वाटेल. हापूस स्वतःच इतका गोड असतो की आम्हाला दोन चमचे पुरले. स्ट्रॉबेरी असती तर अडीच घातले असते.

साखर गेल्यावर डोळा हलवू नये. बीटर बंद करून पाती वर उचलली की क्रीमचं टोक वर येतं. ते वाकून खाली पडलं तर त्याला सॉफ्ट पीक म्हणतात. फळांवर घालायला ते पुरे. टोक ताठ उभं राहिलं, फार तर शेंड्याला किंचित झुकलं, की स्टिफ पीक. केकच्या थरांत भरायला किंवा पायपिंग बॅगेत घालायला ते लागतं. या दोन टप्प्यांमध्ये जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. म्हणून सॉफ्ट पीक आलं की मी बीटर बाजूला ठेवते आणि उरलेलं काम हातातल्या व्हिस्कने करते. हाताला क्रीमचा जडपणा कळतो, मोटरला कळत नाही.

भाचीने विचारलं, “मावशी, अजून थोडं घट्ट करू?” मी आंब्याच्या फोडी करत होते, हो म्हणाले, आणि वळून पाहीपर्यंत क्रीमची चकाकी गेली होती. हीच पहिली खूण. नीट फेटलेलं क्रीम सॅटिनसारखं तुकतुकीत दिसतं. पुढे गेलं की ते मलूल होतं, पातेल्याच्या कडेला रवाळ दिसतं, चमच्याने ओढलं की गुळगुळीत रेघ न येता फाटल्यासारखी कड येते. रंगातही बारीकशी पिवळसर झाक उतरते. पाणी सुटलं नसेल, तर इथून परत येता येतं.

आता ती वाटी फ्रिजमधून काढली. बाजूला ठेवलेलं क्रीम एक चमचा घातलं आणि व्हिस्कने, बीटरने नव्हे, खालून वर असे पाच-सहा हलके फेरे दिले. क्रीम जरा सैल झालं. दुसरा चमचा घातला, पुन्हा तेवढेच फेरे. दुसऱ्या चमच्यानंतर रवाळपणा गेला आणि चकाकी परत आली, म्हणून तिथेच थांबलो. झालेल्या गुठळ्या यात पुन्हा सुट्या होत नाहीत. न फेटलेल्या क्रीममधले अखंड थेंब आणि पाणी मधे शिरतात, आणि फार आवळली गेलेली साखळी सैल होते, एवढंच. गार दुधानेही थोडा गुण येतो, पण त्यात स्निग्ध कमी असल्याने क्रीम पातळ राहतं. असं सावरलेलं क्रीम फळांवर झकास लागतं. त्याने केकवर नाजूक फुलं काढायला जाऊ नये, कडा फाटतात.

पण तळाशी पांढुरकं पाणी दिसलं आणि पात्यांना पिवळे गोळे चिकटले, तर कितीही क्रीम ओता, ते परत येत नाही. वितळवून, गार करून पुन्हा फेटण्याचाही उपयोग नाही. तेव्हा पुढेच जावं. आणखी दोन मिनिटं फेटून सगळं लोणी वेगळं करायचं, गाळायचं, आणि बर्फाच्या पाण्यात तीन-चारदा, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. धुताना बरीचशी साखरही निघून जाते. ३५ टक्क्यांच्या २०० मिली क्रीममध्ये ७० ग्रॅम स्निग्ध असतं, त्यातून साधारण ८० ग्रॅम लोणी हाती येतं. थोडी गोडी राहिलेलं हे लोणी पावावर लावायला किंवा नानकटाईत घालायला चांगलं. त्याचं तूप मात्र कढवू नये, उरलेली साखर तळाला करपते. गाळून निघालेलं गोड पाणी टाकू नका, ते शिऱ्यात जातं.

बाजूला काढलेलं क्रीम लागलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी चहात-कॉफीत संपतं. म्हणून पाकीट उघडलंत की बीटरला हात लावण्याआधी ते तीन चमचे वाटीत काढा आणि वाटी परत फ्रिजमध्ये ठेवा.