पंचेचाळीस सेकंदांत एकच वाक्य

मित्राचा फोन येतो, ‘कुठं पोचलास?’ आपण लोकलमध्ये दारापाशी उभे असतो. मराठीत ‘निघालोय, वाटेत आहे’ हे पटकन येतं, इंग्रजीत मात्र शब्द जुळवेपर्यंत ठाणं मागे पडतं. या प्रसंगाला I'm on my way हे वाक्य नेमकं बसतं आणि छोट्या व्हिडिओत शिकवायला ते फार चांगलं आहे.

व्हिडिओची सुरुवात या फोननेच करावी. शिक्षकाची ओळख, ‘नमस्कार मित्रांनो’ हे सगळं वगळावं. प्रसंग दिसला की वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मग वाक्य एकदा नेहमीच्या वेगात ऐकवायचं.

खरं काम उच्चाराचं. पडद्यावर बरेचजण ‘आय अ‍ॅम ऑन माय वे’ असं लिहितात आणि शिकणारा ते पाच सुट्टे, सारख्या वजनाचे शब्द म्हणून वाचतो. बोलताना पहिले शब्द एकमेकांत मिसळतात: ‘आइमॉन माय वेइ’. जोर शेवटच्या ‘वेइ’वर. म्हणून हे वाक्य शेवटाकडून बांधत यावं: आधी ‘वेइ’, मग ‘माय वेइ’, मग ‘ऑन माय वेइ’, शेवटी पूर्ण वाक्य. प्रत्येक वेळी ‘वेइ’ आधीच तोंडात बसलेलं असतं, त्यामुळे वाक्य लांबलं तरी जोर जागचा हलत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर शिक्षकाने गप्प राहावं, प्रेक्षकाला ते म्हणता येईल इतका वेळ. घाईत हीच जागा संकलनात कापली जाते आणि व्हिडिओ नुसता बघण्यापुरता उरतो.

आता ‘व’. मराठी ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. इथे दातांचं काम नाही. शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करून पुढे काढायचे आणि लगेच सोडायचे. देवनागरीत हा फरक लिहून दाखवता येत नाही, म्हणून दोन-तीन सेकंद कॅमेरा फक्त ओठांवर हवा. घरी आरसा पुरतो: ‘वेइ’ सुरू करताना वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले, तर उच्चार मराठी ‘व’कडे झुकला.

उदाहरण एकच द्यावं, पण पूर्ण. मित्र विचारतो, ‘व्हेअर आर यू?’ उत्तर: ‘आइमॉन माय वेइ. आय जस्ट लेफ्ट ठाणे.’ दुसऱ्या वाक्यामुळे कळतं की माणूस खरंच निघालाय. अजून घरातच चप्पल शोधत असाल, तर हे वाक्य खोटं ठरेल. आणि दारावरची बेल वाजल्यावर आतून ओरडायचं असेल, तर तिथे आपलं ओळखीचं ‘कमिंग!’च योग्य.