शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास आणि नित्याच्या गोळ्या

"उपाशी पोटी या" या सूचनेचा अर्थ पुष्कळ रुग्ण "गोळीही घेऊ नका" असा लावतात, तर काही जण नेहमीच्या सर्वच गोळ्या घेऊन येतात. या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात.

उदाहरणार्थ, सिल्वासाजवळील सामरवरणीच्या एखाद्या कारखान्यातील मधुमेही कामगाराची हर्नियाची शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी ९ वाजता ठरली आहे, असे समजू. तो रक्तदाबासाठी रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिन व टेल्मिसार्टन आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन घेतो.

यांपैकी अ‍ॅम्लोडिपिन त्याने गुरुवारी पहाटेही घोटभर पाण्याबरोबर घ्यावे. टेल्मिसार्टनमुळे भूल दिल्यावर रक्तदाब फार उतरू शकतो. म्हणून ते सामान्यतः बुधवारी सकाळी घेऊन गुरुवारी वगळतात. मेटफॉर्मिनही गुरुवारी घेऊ नये.

डापाग्लिफ्लोझिन मात्र किमान तीन दिवस आधी थांबवावे लागते. म्हणजे शेवटची गोळी रविवारची. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यात उपवास व शस्त्रक्रियेचा ताण यांची भर पडली की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. मळमळ, उलटी, पोटदुखी व खोल, जलद श्वास ही त्याची लक्षणे होत. फसगत अशी की रक्तातील साखर जवळजवळ सामान्य दिसू शकते. अशा वेळी रक्तातील कीटोनच तपासावे लागतात. नीट जेवण सुरू झाल्यावरच ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा घ्यावी.

डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यापासून ते स्वस्त झाले आहे आणि पुष्कळदा मेटफॉर्मिनसह एकाच गोळीत मिळते. ती जोडगोळी सोमवारपासून बंद केल्यास मेटफॉर्मिनही सुटते. म्हणून त्या तीन दिवसांसाठी डॉक्टरांकडून वेगळे मेटफॉर्मिन लिहून घ्यावे. अ‍ॅम्लोडिपिन-टेल्मिसार्टनच्या जोडगोळीबाबतही असेच विचारावे. रुग्णाला "साखरेची पांढरी गोळी" एवढेच आठवते. त्यामुळे भूलतज्ज्ञांच्या तपासणीस जाताना गोळ्यांची पाकिटेच न्यावीत आणि तीही निदान आठवडाभर आधी.

हृदयात स्टेंट बसविलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो.

उपवासाचे गणित सोपे आहे. तळलेले वा मांसाहारी जेवण आठ तास आधी, म्हणजे रात्री १ पूर्वी संपावे. हलका आहार व दूध सहा तास आधी, म्हणजे पहाटे ३ पर्यंत. साधे पाणी सकाळी ७ पर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात नव्हे, अन्नात मोडतो. पहाटे ६ वाजता तो घेतला गेला असेल, तर तसे सांगावे. शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल. पण लपविल्यास भुलेत पोटातील द्रव वर येऊन फुप्फुसात शिरण्याचा संभव असतो.