दशांशचिन्ह दोन घरे सरकले तेव्हा

मार्च २०१५. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात व्यायामावर कॅफिनचा काय परिणाम होतो, याचा एक प्रयोग चालू होता. त्यासाठी क्रीडाशास्त्राचे दोन विद्यार्थी तयार झाले. प्रत्येकाला ०.३ ग्रॅम कॅफिन, म्हणजे साधारण तीन कप कॉफीइतके, द्यायचे होते. मोबाइलवर हिशोब करताना दशांशचिन्ह चुकले आणि दोघांच्या पोटात ३० ग्रॅम गेले. सुमारे तीनशे कप! दोघेही लगेच आजारी पडले आणि डायलिसिसवर ठेवल्यावर वाचले. पुढे न्यायालयाने विद्यापीठाला चार लाख पौंड दंड केला. त्याआधी तिथे गोळ्या वापरत असत. पावडर नवी होती. गोळ्यांनी हाच प्रयोग केला असता, तर शंभराहून जास्त गोळ्या मोजताना कुणीतरी नक्की थबकले असते. पांढऱ्या भुकटीकडे पाहून मात्र काहीच कळत नाही.

कॉफीच्या कपात कॅफिन असते साधारण १०० मिलिग्रॅम, बाकी पाणीच. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत सहसा त्रास होत नाही. साधारण दहा ग्रॅम मात्र जीवघेणे ठरू शकते. तेवढ्यासाठी शंभर कप लागतील, म्हणजे पंधरा लिटर द्रव. त्याच्या कितीतरी आधीच पोट भरेल, मळमळेल, हात थरथरतील आणि माणूस आपणहून कप बाजूला ठेवील. शिवाय कप घोट घोट रिकामा होतो, तोवर यकृत आपले काम सुरू करते. शुद्ध पावडरचा एक चहाचा चमचा मात्र, अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या हिशोबाने, अठ्ठावीस कप कॉफीएवढा असतो आणि क्षणात गिळला जातो. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. एकेक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ०.३ ग्रॅम दिसतच नाही. याच प्रशासनाने २०१८ मध्ये अशी सुटी पावडर थेट ग्राहकांना विकणे बेकायदा ठरवले.

गोळ्या मोजता येतात, म्हणून त्या जरा बऱ्या. पण एका गोळीत बहुधा २०० मिलिग्रॅम असतात आणि ती गिळल्यावर गुण यायला वेळ लागतो. ‘अजून काही वाटत नाही’ म्हणून दुसरी, तिसरी घेतली जाते. वर व्यायामाआधीचे पेयही असते, त्यातही कॅफिन.

थोड्या कॅफिनने फक्त झोपेची जाणीव दबते. अती झाले की शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाची लय बिघडते. यकृताची क्षमताही अपुरी पडते, त्यामुळे विष नेहमीपेक्षा जास्त वेळ रक्तात राहते. वारंवार उलट्या, थरथर, छातीत जोराची धडधड, गोंधळलेपण, झटके ही लक्षणे दिसली, तर घरी वाट पाहू नये. कॅफिनवर उतारा नाही. लवकर पोहोचल्यास कोळशाची औषधी पूड, हृदयाची औषधे आणि गंभीर वेळी डायलिसिस उपयोगी पडते. जाताना पाकीट किंवा डबा सोबत न्यावा. किती पोटात गेले, याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनच बांधता येतो.